टीव्हीमागे कन्सोल टांगण्याआधी फूटपट्टी घ्या

“टीव्हीमागची जागा वाया का घालवता? पीएस५ ब्रॅकेटवर टीव्हीच्या मागे टांगा! १) मागे सावली असते, त्यामुळे कन्सोल थंड राहतो आणि धूळही बसत नाही. २) वजन जेमतेम साडेचार किलो, चांगली दुहेरी चिकटपट्टीसुद्धा पुरते. ३) अंतर कमी, त्यामुळे स्वस्तातली कोणतीही छोटी केबल चालते. ४) एकदा लावला की पोर्टना हात लावायची गरजच नाही. – मामा, मी ब्रॅकेट मागवला आहे, रविवारी लावतो. बरोबर आहे ना?”

हा निरोप गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे किमान पाच वेळा फिरत आला असेल आणि प्रत्येक वेळी मी तो न वाचता पुसून टाकला. या वेळी तो नागपुरातल्या भाच्याकडून आला, तोही मे महिन्यात आणि ब्रॅकेटचे पैसे भरून झाल्यावर. त्याच्याकडे पहिल्या आवृत्तीचा, डिस्क चालणारा पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, आहे आणि ५५ इंची टीव्ही भिंतीला घट्ट बसणाऱ्या साध्या ब्रॅकेटवर आहे. त्यामुळे पुढचे सगळे त्याच्या घराची मापे समोर ठेवून लिहितो.

सावलीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत हास्यास्पद आहे आणि नुकसानही तोच सर्वांत जास्त करतो. कन्सोल तापतो तो उन्हाने नव्हे. भारी खेळ चालू असताना पहिल्या आवृत्तीचा पीएस५ साधारण २०० वॅट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेताना हवा १५ अंशांनी तापू द्यायची असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे ११ लिटर हवा यंत्रातून जावी लागते. पंखा एवढी हवा खेचू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा आहे की तो कोणती हवा खेचतो. पीएस५ पुढच्या बाजूला, पांढऱ्या पट्ट्यांच्या आतल्या फटींतून हवा आत घेतो आणि मागच्या जवळजवळ संपूर्ण बाजूने बाहेर टाकतो. मोकळ्या टेबलावर ही गरम हवा खोलीत विरून जाते. टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या खोबणीत मात्र ती समोर येईल त्याला आपटते, वळते आणि तिच्यातला काही भाग पुढच्या फटींपाशी परत येतो. यंत्र आपलाच उच्छ्वास पुन्हा आत ओढू लागते.

सोनीच्या स्वतःच्या सूचना या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत: यंत्र भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर दूर ठेवावे, अरुंद किंवा कोंदट जागेत ठेवू नये आणि भोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. त्यातला ३५ अंशांचा आकडा नागपूरकराने दोनदा वाचावा. मे महिन्यातल्या दुपारी कूलर लावलेली खोली कशीबशी ३३ अंशांवर येते. म्हणजे टीव्हीच्या मागे हवा दोन अंशांनी जरी जास्त तापली तरी मर्यादा संपली. आणि तिथे ती दोन अंशांवर थांबत नाही, कारण टीव्हीही आपली उष्णता मागेच सोडतो. बहुतेक टीव्ही वरच्या बाजूला पातळ आणि खालच्या बाजूला फुगीर असतात. फुगीर भागात पॉवर सप्लाय आणि मुख्य बोर्ड असतात आणि त्यांची गरम हवा वर चढते. कन्सोल टांगायला जिथे सोयीची पोकळी दिसते, ती जागा नेमकी या फुगवट्याच्या वर असते.

यावर कुणी म्हणेल की आमचा तर वर्षभर चालला आहे. चालत असेलही, थंड गावात, हलके खेळ खेळत चालेल. खरे-खोटे कळायला महागडे साधन लागत नाही. तारेच्या टोकाला संवेदक असलेला साधा डिजिटल तापमापक घ्यावा, त्याचे टोक कन्सोलच्या पुढच्या फटीजवळ हवेत लोंबेल असे ठेवावे आणि एखादा भारी खेळ अर्धा तास चालवावा. तिथला आकडा खोलीच्या तापमानापेक्षा तीन-चार अंशांहून जास्त वर गेला, तर गरम हवा परत आत येते आहे असे समजावे. भाच्याला मी हेच करायला सांगितले. ब्रॅकेट यायच्या आधी त्याने कन्सोल टीव्हीच्या वरच्या काठाला लागून कपाटाच्या आधाराने तात्पुरता उभा केला होता. खोलीत ३३ आणि फटीपाशी ४१. पंख्याचा आवाज वाढत जाऊन खाली न येणे हीदेखील तीच खूण असते, फक्त ती जरा उशिरा कळते.

धुळीबद्दल एकच वाक्य पुरे: धूळ पंख्याने खेचलेल्या हवेबरोबर आत येते, आणि तिला सावलीत ऊन लागत नाही म्हणून ती येणे टाळत नाही. उलट टीव्हीमागे झाडू-फडके पोचत नाही, आणि पीएस५च्या आतले धूळ साठवणारे कप्पे साफ करायला बाजूच्या पट्ट्या काढाव्या लागतात, म्हणजे यंत्र आधी खाली उतरवणे आले.

आता जाडी. हा मुद्दा निरोपात नाहीच, आणि खरे तर तिथेच सगळे संपते. पहिला पीएस५ १०.४ सेंटीमीटर जाड आहे. नंतरचा लहान केलेला ९.६. भाच्याच्या टीव्हीचा फुगीर भाग भिंतीपासून चार सेंटीमीटरवर आणि वरचा पातळ भाग आठ सेंटीमीटरवर होता. १०.४ सेंटीमीटरची वस्तू आठ सेंटीमीटरच्या पोकळीत जात नाही, हे सांगायला मामा लागायला नको होता. पुढे ओढता येणाऱ्या हाताचा ब्रॅकेट लावून टीव्ही १५ सेंटीमीटर पुढे आणला, तर कन्सोल मावेल. पीएस५च्या चपट्या बाजूंतून गरम हवा निघत नाही, त्यामुळे तिथे दोन-दोन सेंटीमीटर जागा राहिली तरी माझ्या मते लगेच अनर्थ होणार नाही. पण पुढची आणि मागची कड मात्र मोकळीच हवी.

चिकटपट्टीचा सल्ला ज्याने दिला त्याने टीव्हीचे मागचे झाकण कधी दाबून पाहिलेले नसावे. ते पातळ प्लास्टिक असते, चिकटपट्टीचा डिंक उष्णतेने मऊ होतो आणि साडेचार किलो चोवीस तास खाली ओढत असतात. भार घ्यायचा तो टीव्हीच्या मागच्या चार व्हेसा छिद्रांवरच. कन्सोलच्या ब्रॅकेटची पट्टी भिंतीच्या ब्रॅकेटखाली त्याच छिद्रांवर बसते, त्यामुळे स्क्रू मूळच्यापेक्षा पट्टीच्या जाडीएवढेच जास्त लांब घ्यावेत. पट्टी तीन मिलिमीटरची असेल तर स्क्रू तेवढाच जास्त. दहा मिलिमीटर जास्त घेतला तर त्याचे टोक आतल्या बोर्डापर्यंत जाऊ शकते.

केबलच्या बाबतीत नाइलाजाने अर्धे मान्य करतो. अंतर खरोखरच कमी असते आणि कन्सोलसोबत येणारी सुमारे दीड मीटरची एचडीएमआय केबल पुरून उरते. मग दुसरी स्वस्त केबल घ्यायचीच कशाला? ४के चित्र १२० हर्ट्झवर हवे असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल असलेली केबलच लागते, आणि सोबत आलेली केबल त्याच कामाची असते. चित्र मध्येच सेकंदभर काळे होऊन परत येऊ लागले, तर आधी केबलवर संशय घ्यावा. खरी अडचण लांबीची नसून वळणाची आहे. टीव्हीचा पोर्ट भिंतीकडे तोंड करून असेल, तर प्लग आणि केबलचा बाक यांना पाच-सहा सेंटीमीटर लागतात. तेवढी जागा नसताना टीव्ही मागे ढकलला की केबल पोर्टला तिरकी ओढत राहते, आणि कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट सैल होणे ही दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या ओळखीची तक्रार आहे. काटकोनी जोड मिळतो, पण तो दोन उलट दिशांचा असतो. विकत घेण्याआधी आपला कोणत्या बाजूला वळायला हवा ते पाहून घ्यावे.

पोर्टना हात लावावा लागत नाही, हे विधान तर वापरणाऱ्याने लिहिलेलेच नाही. पीएस५मध्ये बिघाड झाला की सेफ मोडमध्ये जावे लागते: यंत्र पूर्ण बंद करून पुढचे बटण दाबून धरायचे, पहिल्या बीपनंतर सुमारे सात सेकंदांनी दुसरी बीप येते, तेव्हा सोडायचे. त्यानंतर कंट्रोलर यूएसबी केबलने जोडल्याशिवाय पडद्यावर काहीच निवडता येत नाही. म्हणजे ज्या रात्री खेळ अडकतो, त्या रात्री बटण आणि पोर्ट दोन्ही हाताला लागायला हवेत. आणि इथेच या यंत्राची गोम आहे. बटण, डिस्कची फट आणि पुढचे यूएसबी एका बाजूला. गरम हवा, एचडीएमआय आणि वीज बरोबर विरुद्ध बाजूला. कन्सोल उभा टांगून त्याची पुढची बाजू टीव्हीच्या कडेला आणली, तर हात पोचतो, पण गरम हवा टीव्हीच्या मध्यभागी जाते. उलटा फिरवला, तर हवा सुटते आणि डिस्क काढायला टीव्ही ओढावा लागतो.

एक्सबॉक्स सीरिज एसचे मालक म्हणतील की आमचा तर साडेसहा सेंटीमीटर जाड आणि दोन किलोंच्या आत. खरे आहे, वजनाचा प्रश्न तिथे उरत नाही. पण त्याची गोल काळी जाळी रुंद बाजूवर असते, आणि चपटा टांगला की ती एक तर टीव्हीला भिडते, नाही तर भिंतीला. मायक्रोसॉफ्ट चारही बाजूंना चार ते सहा इंच मोकळे ठेवायला सांगते.

भाच्याचा ब्रॅकेट परत गेला. टीव्हीच्या डाव्या काठापासून २० सेंटीमीटर सोडून त्याने भिंतीवर २२ सेंटीमीटर खोल फळी लावली. भिंत लाल विटांची असल्याने दोन एल-पट्ट्या आणि साधे फास्टनर पुरले. हलक्या एएसी ब्लॉकची असती तर त्यासाठीचे लांब नायलॉन प्लग घ्यावे लागले असते. कन्सोल मूळच्या स्टँडवर उभा, चपटी बाजू भिंतीपासून १० सेंटीमीटरवर, मागची बाजू टीव्हीच्या उलट दिशेला मोकळ्या खोलीकडे आणि पुढची बाजू टीव्हीकडे, मध्ये डिस्क आणि हात जाईल एवढी जागा. सोबत आलेली केबल पुरली. खोलीत ३३ असताना फटीपाशी ३४. तो टीव्हीशेजारी शोभत नाही ही घरच्यांची तक्रार अजून मिटलेली नाही, आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही.