गुडघ्यावर बसून टाकलेले चेंडू: एका प्रतिक्रियेला उत्तर

"स्ट्रेट ड्राइव्हवरचा लेख वाचला. पंधरा-पंधरा दिवस गुडघ्यावर बसून अंडरआर्म चेंडू टाकत राहणं म्हणजे मुलांचा वेळ आणि पालकांचे पैसे दोन्ही वाया. मॅचमध्ये असा चेंडू कोण टाकतं? सचिनची ग्रिपही तुमच्या 'व्ही'त बसत नाही. बॅटच्या वजनाबद्दल तर एक शब्द नाही. स्वतः किती मॅच खेळलात तेही सांगा की." – एक वाचक

नमस्कार. लहान मुलांना स्ट्रेट ड्राइव्ह, म्हणजे सरळ बॅटने बोलरच्या दिशेने मारायचा फटका, शिकवण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण 'पालकांचे पैसे' हे शब्द मला लागले आणि ते लपवायचं काही कारण नाही. मतभेद असू शकतात. पण समोरच्याने पैसे उकळण्यासाठी मुलांना अडकवून ठेवलंय असं सुचवणं हा मतभेद नव्हे, आरोप आहे. असं लिहिण्याआधी एकदा मैदानावर येऊन बघायचं तरी होतं.

बॅटच्या वजनाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते लेखात यायला हवं होतं. मोठ्या भावाची जड बॅट दिली की मूल ती खालच्या हाताने उचलतं आणि खालच्या हातानेच ढकलतं. वरच्या एका हाताने बॅट सरळ पुढे धरून मुलाला पाच आकडे मोजता आले नाहीत, तर ती बॅट त्याची नाही. हे लेखात घालतो. बॅट धरताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होणाऱ्या 'व्ही'त सचिनची ग्रिप बसत नाही म्हणता, पण तो वेगळा विषय आहे. तोही लहानपणी थोरल्या भावाची बॅट घेऊन खेळला, म्हणून दांडा खाली धरायची सवय लागली. आचरेकर सरांनी ती बदलून पाहिली, जमली नाही, म्हणून राहू दिली. ज्या मुलाला अजून कुठलीच सवय लागलेली नाही, त्याला अपवादापासून सुरुवात करायला लावायची का?

आता मुख्य मुद्दा. मॅचमध्ये गुडघ्यावर बसून कोणी चेंडू टाकत नाही, हे मला ठाऊक आहे. नऊ मोसम मुंबईची कांगा लीग खेळलोय. भर पावसाळ्यात, उघड्या ओल्या विकेटवर. तिथे चेंडू पडून थांबतो, आणि डोकं मागे राहिलेल्या फलंदाजाचा ड्राइव्ह सरळ बोलरच्या हातात जातो. मॅच किती, असं विचारलंत ना? त्या नऊ मोसमांतल्या निम्म्या विकेट मी अशाच दिल्या. कारण दहाव्या वर्षी माझ्या पहिल्या कोचने मला थेट नेटमध्ये मोठ्या मुलांच्या सीझन बॉलसमोर उभं केलं. चेंडू अंगावर येतोय म्हटल्यावर डोकं मागे राहायला लागलं ते पुढे कधी पुरतं सुटलं नाही. म्हणून हे माझ्यासाठी पुस्तकी नाही.

गुडघ्यावर बसण्याचं कारण सांगतो, कारण ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. उभं राहून अंडरआर्म टाकला की चेंडू वरून फुग्यासारखा येतो. मुलाचे डोळे त्याच्यामागे वर जातात, हनुवटी उचलली जाते, वजन मागच्या पायावर जातं आणि तो चेंडू खाली यायची वाट बघत बसतो. आपण शिकवायला निघालो पुढे झुकायला आणि शिकवलं मागे रेलायला. गुडघ्यावर बसलं की हात खाली येतो, चेंडू सपाट निघतो आणि मुलाची नजर पहिल्यापासून खालीच राहते. सहा-सात पावलांवरून टाकायचा, एकच टप्पा, आणि तो मुलाच्या पुढच्या पायापासून साधारण एका बॅटच्या अंतरावर. म्हणजे हाफ व्हॉली. चेंडू टेनिसचा, कारण शॉट नीट लागला की तो थेट टाकणाऱ्याच्या तोंडावरच येतो. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक स्टंप रोवलेला असतो. ड्राइव्ह त्या फाटकातून जायला हवा.

याचा उपयोग काय ते एका मुलावरून सांगतो. अकरा वर्षांचा, उजव्या हाताने खेळणारा. त्याचा प्रत्येक ड्राइव्ह मिडऑनकडे जायचा. नेटबाहेरून सगळे ओरडायचे, 'कोपर वर घे'. तो घ्यायचा, चेंडू तरी मिडऑनलाच. ओव्हरआर्म थ्रोडाऊनवर मलाही कारण दिसेना, कारण एक चेंडू पुढे पडायचा, एक मागे, एक लेगला, आणि दरवेळी चूक वेगळी वाटायची. मग गुडघ्यावर बसून त्याला एकाच जागी तीस चेंडू टाकले. तीसच्या तीस वेळा एकच गोष्ट घडली. स्टान्समध्ये त्याच्या दोन पावलांत जेमतेम वीतभर अंतर होतं. बॅट उचलली की तोल जायचा, आणि डोकं पायाच्या बोटांपलीकडे ऑफकडे पडायचं. पडू नये म्हणून पुढचा पाय चेंडूच्या रेषेत न जाता आडवा ऑफला जायचा. पॅड बॅटच्या वाटेत यायचं, बॅट पॅडला वळसा घालून यायची, बॅटचं तोंड मिटायचं, चेंडू मिडऑनला. कोपर बिचारं निर्दोष होतं. बिघाड पावलांत होता, आणि तो डोक्यात दिसत होता.

मग पावलं खांद्याइतकी फाकवली, गुडघे थोडे सैल, वजन चवड्यांवर. डोक्यावर टोपी घालायला लावली: टोपीचा पुढचा भाग आडवा सपाट आणि तोंड माझ्याकडे, म्हणजे दोन्ही डोळे एका पातळीत. चेंडू आला की आधी डोकं आणि डावा खांदा चेंडूकडे, पाय त्यांच्या मागोमाग. चेंडू डोळ्यांखाली आल्यावरच बॅट लागायला हवी. रोज त्यातले दहा चेंडू फक्त वरच्या हाताने, लहान बॅट घेऊन, म्हणजे खालच्या हाताला लुडबुड करायची संधी नाही. आणि प्रत्येक शॉटनंतर तसंच थांबून दोन आकडे मोजायचे. ज्याला थांबता येत नाही, त्याचं डोकं पडलेलं असतं. चेंडू कुठे गेला ते बघायचीसुद्धा गरज नाही.

अर्थात या चेंडूंनी सगळं येत नाही. लेंग्थ ओळखणं यात नाहीच. ते बारा-पंधरा पावलांवरून उभं राहून ओव्हरआर्म टाकायला लागल्यावर सुरू होतं, आणि तिथे मी पुढचे-मागचे चेंडू मुद्दाम मिसळतो, नाहीतर मूल प्रत्येक चेंडूला आंधळेपणाने पाय पुढे टाकायला शिकतं. लेखात हे स्पष्ट लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आणि 'पंधरा दिवस' हा आकडा मी नियम म्हणून दिलेला नाही, अंदाज म्हणून दिलाय. पुढे जायची अट दिवसांची नाही, फाटकाची आहे: दहातले आठ जमिनीलगत आतून, आणि शॉटनंतर दोन आकडे स्थिर. त्या मुलाला बावीस दिवस लागले. त्याची धाकटी बहीण त्याच्यासोबत यायची, तिला आठ.