जेवणानंतर वाढणारी नाडी: एका संदेशाचा प्रतिवाद

“दुपारी भात, पोळी, गोड असे पोटभर जेवल्यावर तासाभराने नाडी मोजा. सकाळी अंथरुणात मोजलेल्या आकड्यापेक्षा ती दहाने जरी वाढलेली असेल, तर पिष्टमय अन्न तुम्हाला बाधते आहे आणि हृदयावर ताण पडतो आहे, हे नक्की. निरोगी माणसाची नाडी जेवणाने वाढत नाही. ज्या पदार्थाने वाढते तो कायमचा सोडा.”

या संदेशातील सर्वांत चुकीचे विधान तिसरे आहे आणि बाकीची त्याच्यावरच उभी आहेत, म्हणून सुरुवात तेथून करू. अन्न जठरातून लहान आतड्यात उतरू लागले की त्याचे पचन आणि शोषण करण्यासाठी आतड्याला जास्त रक्त लागते. लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीतून उपाशीपोटी मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त वाहते आणि भरपेट जेवणानंतर हा प्रवाह दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. आतड्यातील रक्तवाहिन्या अशा रुंदावल्या आणि हृदय मात्र पूर्वीच्याच गतीने चालत राहिले, तर रक्तदाब खाली येईल. तो येऊ नये म्हणून शरीर हृदयाकडून अधिक काम करून घेते. विश्रांतीच्या वेळी हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते असे धरले, तर आतड्याकडे जाणारे जादा अर्धा लिटर रक्त भरून काढायला मिनिटाला सात ठोके अधिक लागतील. प्रत्यक्षात दर ठोक्यामागचे रक्तही थोडे वाढते आणि इतर काही कारणे नाडी आणखी वर नेतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण जेवणानंतर पाच ते पंधरा ठोक्यांची वाढ का दिसते, हे समजायला तो पुरेसा आहे.

पिष्टमय अन्नावर ठेवलेल्या आरोपात मात्र एक खरा धागा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. भात, साखर, मैदा यांच्या जेवणाने नाडी खरोखरच लवकर वाढते, कारण असे अन्न तेला-तुपाच्या जेवणापेक्षा जठरातून लवकर पुढे सरकते आणि त्यातून तयार झालेली ग्लुकोज रक्तात उतरताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. हे इन्सुलिन साखर पेशींत पोहोचवण्याचे काम तर करतेच, शिवाय ते अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे हृदयाची गती वाढवणाऱ्या चेतातंतूंच्या व्यवस्थेला, चालना देते. निव्वळ स्निग्ध पदार्थांनी ही चालना फारच कमी मिळते. त्यात ताट मोठे असेल तर ताणलेले जठर स्वतःही याच चेतातंतूंना जागे करते, आणि पचनासाठी खर्च होणारी ऊर्जा शरीराची उष्णता किंचित वाढवते. श्रीखंड-पुरी, मसालेभात आणि वर जिलबी असे जेवण झाल्यावर ही सगळी कारणे एकत्र येतात, म्हणून त्या दिवशीची वाढ रोजच्या पोळी-भाजीच्या जेवणापेक्षा मोठी असते आणि जास्त वेळ टिकते. पण यातून शरीर अन्नाची दखल घेत आहे एवढेच सिद्ध होते. अन्न बाधत आहे असा निष्कर्ष काढायचा तर प्रत्येक जिना चढणे हाही आजार ठरेल.

कोणाची रक्तशर्करा बिघडलेली आहे हे जाणून घ्यायचे असल्यास उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासावी. नाडीवरून ते कळत नाही.

आता मोजण्याच्या पद्धतीकडे वळू, कारण माझ्या मते हा संदेश वाचून घाबरलेल्या बहुतेकांची फसगत येथेच होते. नाडी दिवसभर एका पातळीवर नसते. झोपेच्या उत्तररात्रीत ती सर्वांत कमी असते, उठल्यावर वाढते आणि दिवसा वरच राहते. समजा, कार्यालयात बसून काम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या एका व्यक्तीची नाडी सकाळी अंथरुणात ६२ आहे. दुपारी एक वाजता, जेवणाआधी दहा मिनिटे खुर्चीत शांत बसल्यावर ती ७४ भरते. भरपेट जेवणानंतर अर्ध्या तासाने ८३, तासाभराने ८६, दोन तासांनी ८० आणि चार वाजता पुन्हा ७५. संदेशाप्रमाणे वजाबाकी केली तर वाढ २४ ठोक्यांची दिसते आणि माणूस हादरतो. प्रत्यक्षात जेवणाच्या वाट्याला त्यातले १२ येतात, उरलेले १२ जागे असण्याचे, बसण्याचे आणि दिवसाच्या वेळेचे आहेत. जेवून लगेच चहा घेतला, बोलत बोलत चालून आल्यावर मोजले किंवा आकडा वाढेल या धास्तीने मनगट धरून बसले, तर त्याहूनही जास्त भरेल. तुलना करायचीच असेल तर त्याच खुर्चीत, जेवणाआधी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा दहा मिनिटे स्वस्थ बसून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. घड्याळाचा पट्टा सैल असल्यास त्याच्या आकड्यापेक्षा मनगटावरची बोटे अधिक भरवशाची.

संदेशातील शेवटच्या सल्ल्याचे मूळ जुने आहे. आर्थर कोका या अमेरिकी रोगप्रतिकारशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, नाडीच्या वाढीवरून कोणत्या अन्नाची ॲलर्जी आहे हे ओळखता येते, अशी चाचणी मांडली होती. ॲलर्जीच्या निदानात तिला मान्यता नाही, आणि वर सांगितलेली यंत्रणा पाहता ती का टिकणार नाही हे उघड आहे: पोटभर खाल्लेला बाधरहित भातही या चाचणीत दोषी ठरतो. खऱ्या ॲलर्जीत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या किंवा धाप अशी लक्षणे दिसतात. केवळ मोजल्यावरच कळणारे दहा ठोके हे तिचे लक्षण नाही.

तरीही काही वेळा डॉक्टरांकडे जायला हवे. शांत बसूनही नाडी १०० च्या वर जाते आणि तीन-चार तासांनीही उतरत नाही, ठोके अनियमित पडतात, किंवा सोबत छातीत दुखणे, धाप वा भोवळ येते, तर ते केवळ जेवणाचे मानू नये. छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असल्यास तातडीने जावे. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला गोड जेवणानंतर अर्ध्या तासात घाम, पोटात कळ, जुलाब आणि धडधड होत असेल, तर अन्न आतड्यात फार वेगाने उतरत असण्याची शक्यता असते आणि त्यावर उपचार आहेत.

सर्वांत दुर्लक्षित गट मात्र उलट बाजूचा आहे. वृद्ध व्यक्ती, कंपवाताचे रुग्ण आणि अनेक वर्षांच्या मधुमेहाने ज्यांच्या स्वायत्त चेतातंतूंना इजा झाली आहे असे लोक यांच्यात जेवणानंतर आतड्याकडे रक्त वळते, पण नाडी पुरेशी वाढत नाही, आणि दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० मिलिमीटर किंवा अधिक उतरतो. जेवून उठताना आजोबांचा तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, ते बहुधा यामुळे. त्यांच्यासाठी ताट लहान करणे, भात आणि गोड थोडे कमी करून जेवण दिवसात अधिक वेळा विभागणे याचा खरोखर उपयोग होतो. अशा घरात जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने नाडीबरोबर रक्तदाबही मोजून ठेवावा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.