जूनची फी, जानेवारीचा हप्ता आणि बाराने भागण्यातली चूक

"बचत सुरू करतो, पण दर चार महिन्यांनी मोडावी लागते." ही तक्रार ज्या घरांतून येते तिथे खर्च जास्त असतोच असं नाही. बऱ्याचदा बचत मोडणारा खर्च दरवर्षी येणाराच असतो. जूनला शाळा सुरू होणार, गणपती येणार, विम्याचा हप्ता त्याच तारखेला येणार. अचानक काहीच नसतं, फक्त ते दरमहा येत नाही म्हणून महिन्याच्या हिशोबात बसत नाही.

(कुठली बँक, कुठली योजना, किती टक्के, हे कमेंटमध्ये विचारू नका. या पोस्टचा तो विषयच नाही. का नाही, ते खाली आकड्यांत दिसेल.)

आधी यादी. ती आठवणीतून करू नका, आठवणीत दिवाळी राहते आणि घरपट्टी विसरते. बँकेचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि जो खर्च दरमहा येत नाही पण हजाराच्या वर आहे, त्यावर खूण करा. मग रोखीतले खर्च वेगळे आठवा: आहेर, वर्गणी, कामवाल्या मावशींचा दिवाळीचा बोनस. स्टेटमेंटमध्ये हे नुसते 'एटीएम' म्हणून दिसतात, म्हणून यादीतून हमखास गळतात.

एका नमुना घराची यादी धरू. मे महिन्यात घरपट्टी ५,००० आणि लग्नसराईचा आहेर-प्रवास ७,०००. जूनमध्ये फी, वह्या, गणवेश मिळून १८,०००. सप्टेंबरात गणपती ६,०००. नोव्हेंबरात दिवाळी १५,०००. डिसेंबरात स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००. जानेवारीत आरोग्य विम्याचा हप्ता १६,५००. एकूण ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००.

इथपर्यंत बरेच जण येतात. एप्रिलपासून, नवं आर्थिक वर्ष म्हणून, मोठ्या उत्साहाने ६,००० बाजूला काढतात आणि जूनमध्येच आपटतात. का, ते बघा. एप्रिल आणि मेचे मिळून १२,००० जमले, ते मेमध्येच संपले. जूनचे ६,००० आले, फी मात्र १८,०००. खड्डा १२,००० चा. जुलै-ऑगस्टमध्ये तो जेमतेम भरतो, सप्टेंबरचा हप्ता गणपतीत जातो, दिवाळीला पुन्हा ३,००० कमी पडतात आणि जानेवारीच्या हप्त्याला खड्डा परत बारा हजारांवर. वर्षाची बेरीज बरोबर असूनही पैसे दोनदा संपतात. मग माणूस म्हणतो, "आपल्याला जमत नाही." जमत नाही असं काही नसतं, सुरुवातीचा महिना चुकलेला असतो.

हीच यादी, हेच ६,०००, पण सुरुवात जुलैपासून. ऑगस्टअखेर १२,०००. सप्टेंबरात गणपती वजा जाऊन पुन्हा १२,०००. ऑक्टोबरअखेर १८,०००, दिवाळीनंतर ९,०००, स्कूटरनंतर १०,५००. जानेवारीचे ६,००० पडले की होतात १६,५००, हप्ताही तेवढाच. शिल्लक शून्य, पण उधारी नाही. फेब्रुवारीपासून पुन्हा चढत एप्रिलअखेर १८,०००, मेचे खर्च जाऊन १२,०००, आणि जूनचा हप्ता धरून बरोबर फीचे १८,०००.

तुमच्या यादीला जुलैच सोयीचा असेल असं नाही. कागदावर बारा ओळी काढा, प्रत्येक ओळीत मागची शिल्लक अधिक हप्ता वजा त्या महिन्याचा खर्च लिहा. सगळ्यात खोल उणे आकडा जिथे येतो, त्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरुवात करा. तेवढं थांबायचं नसेल, तर तो उणे आकडा हीच तुमची एकदाच टाकायची सुरुवातीची रक्कम. वरच्या घराला एप्रिलपासूनच सुरू करायचं असतं, तर १२,००० आधी टाकावे लागले असते. २०२६ साली अधिक महिन्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात आहे, २०२७ साली ती ऑक्टोबरात येते. त्यामुळे तक्ता दरवर्षी पुन्हा मांडायचा.

पैसे ठेवायचे कुठे? पगाराच्याच खात्यात ठेवले तर यूपीआय ते आपले समजतं आणि आपणही. वेगळं बचत खातं बरं, पण ते मोबाइलच्या पेमेंट अ‍ॅपला जोडायचं नाही. इथे एक खाच आहे. वरच्या तक्त्यात शिल्लक जानेवारीत आणि जूनमध्ये शून्यावर येते. खात्याला किमान शिलकीची अट असेल, तर नेमका तेव्हाच दंड कापला जाईल. किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं चालतं, फक्त ते ज्या बँकेत असेल तिथे दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. म्हणजे पगार एका बँकेत, हे दुसऱ्या बँकेत.

आवर्त ठेव या कामाला सरसकट बसत नाही, कारण ती सगळे पैसे शेवटी एकदम देते आणि आपल्याला ते सहा महिन्यांत विभागून लागतात. एका मोठ्या खर्चापुरती बसते: महिना १,५०० ची बारा महिन्यांची ठेव म्हणजे फीचे १८,०००. पण मुदत फीच्या शेवटच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी संपली पाहिजे. पोस्टाची आवर्त ठेव मात्र पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. "वर्षाने काढू" म्हणून ती उघडणारे बरेच जण खिडकीवरून हात हलवत परत येतात.

हप्ता आपोआप वळता करताना तारीख पगाराच्या दिवसाची देऊ नका. सुट्टी आली, मार्चचा पगार दोन दिवस पुढे सरकला, की खात्यात पैसे नसताना हप्ता जातो आणि परततो. दुसऱ्या बँकेने पैसे ओढून घेण्याची परवानगी दिलेली असेल, तर अशा परतीवर दंड लागतो. तीन-चार दिवसांचं अंतर पुरतं.

आता टक्क्यांचं. जुलैपासूनच्या तक्त्यातल्या बारा महिनाअखेरच्या शिलकींची सरासरी काढली, तर साधारण ९,६०० येते. कुठे एक टक्का जास्त मिळाला, तर वर्षाला फरक पडतो ९६ रुपयांचा. त्यासाठी बँका शोधत फिरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. उलट जूनचा १२,००० चा खड्डा क्रेडिट कार्डावर टाकून बिल पूर्ण भरलं नाही, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे एका महिन्याचे ४२० रुपये, वर जीएसटी. आणि तारीख ठरलेले पैसे भाव वरखाली होणाऱ्या ठिकाणी ठेवले, तर भाव पडलेला असताना शाळा थांबत नाही.

हे पैसे आजारपणाचे किंवा नोकरी गेली तर लागणारे नाहीत, तो डबा वेगळा. दोन्ही एकत्र ठेवले की दवाखान्याचे पैसे दिवाळीत जातात, आणि डिसेंबरात स्टेटमेंट बघूनही कळत नाही कुठला पैसा कुठे गेला.