‘सगळं येतं’ म्हणण्याआधी

“यादीतलं निम्मं येत नसेल तर रिक्रूटरला उत्तरच देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘सगळं येतं’ म्हणा, जॉइन झाल्यावर शिकता येतं. कमी काय ते आधी सांगितलं की परत फोन येत नाही.” नोकरीचा मेल आला की हा सल्ला हमखास कानावर येतो.

मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या प्लांटवर मेंटेनन्स बघतो. मागच्या महिन्यात भुसावळच्या भाच्याला पुण्याहून एका रिक्रूटर बाईंचा मेल आला. मागणी होती सीमेन्स पीएलसी, व्हीएफडी, हायड्रॉलिक्स, सॅप आणि पाच वर्षांचा अनुभव. याची चार वर्षं झालीत. व्हीएफडी आणि हायड्रॉलिक्स रोजचं काम, मशीन चालवणारा कंट्रोलर म्हणजे पीएलसी, तो डेल्टा कंपनीचा, सॅप नाही. तो गप्पच बसणार होता.

गप्प का बसायचं? अशी यादी पुष्कळदा जुन्या जाहिरातीवरून उचललेली असते, त्यात अत्यावश्यक काय आणि असलं तर बरं काय, हे वेगळं केलेलं नसतं. रिक्रूटरला विचारल्याशिवाय ते कळायचं कसं?

‘सगळं येतं’चं म्हणाल तर ते मी करून बसलोय. कन्सल्टन्सीवाले माहिती भरून मागतात, त्यात एकूण अनुभव आणि रिलेव्हंट अनुभव असे दोन रकाने असतात. मी दोन्हींत सहा लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, लाइन चालू असताना TIA Portal मध्ये ऑनलाइन जाऊन इनपुट येतोय का ते कसं बघतोस? मी डेल्टाच्या WPLSoft वर ते रोज करत होतो, पण सीमेन्सचं सॉफ्टवेअर उघडलंच नव्हतं. घरी आलो तर बहीण म्हणाली, “तुले खरंच येस का रे ते?” डेल्टा येतो असं लिहिलं असतं तर तोच प्रश्न माझ्या बाजूचा झाला असता. लॅडर लॉजिक दोन्हीकडे सारखंच वाचायचं असतं. बदलतं ते सॉफ्टवेअर आणि अ‍ॅड्रेस लिहायची पद्धत.

कमतरता सांगायला हरकत नाही, पण मेलची सुरुवात तिच्यापासून नको. भाच्याने हे पाठवलं:

“नमस्कार मॅडम, एक्सट्रूडर लाइनवर चार वर्षं मेंटेनन्स करतो. व्हीएफडी ट्रिप शोधणं आणि हायड्रॉलिक पॉवर पॅकची दुरुस्ती स्वतः करतो. पीएलसी डेल्टाचा हाताळला आहे, सीमेन्सचा नाही. सॅप वापरलेलं नाही, ब्रेकडाउनची नोंद एक्सेलमध्ये ठेवतो. पहिल्या दिवसापासून यातलं कोणतं लागेलच, ते कळवाल का?”

माफी नाही, ‘लवकर शिकेन’ हेही नाही. मात्र जागेला विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना लागत असेल आणि तो नसेल, तर अशा मेलचा उपयोग नाही. ती कायद्याची अट आहे, डेल्टा-सीमेन्ससारखी जुळवाजुळव तिथे होत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सॅपचं नावही निघालं नाही. बाईंना एवढंच हवं होतं, नोटीस पीरियड तीस दिवसांचा की साठ.