पासवर्ड पेस्ट करू न देणारी साइट जास्त सुरक्षित?

दावा: “पासवर्ड पेस्ट करू देत नाहीत आणि सोळाच अक्षरं घेतात, म्हणजे साइट पक्की सुरक्षित.”

उलट आहे. क्लिपबोर्डवर डोळा ठेवणाऱ्या घातक प्रोग्रामला पासवर्ड कॉपी करताच मिळतो. पुढे पेस्ट अडवून काय उपयोग? चोर बहुधा पेस्ट करतच नाही, त्याची स्क्रिप्ट थेट सर्व्हरशी बोलते. अडतो तो पासवर्ड मॅनेजर वापरणारा, आणि कंटाळून तो सोपा पासवर्ड ठेवतो. अमेरिकेच्या NIST संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही पेस्ट करू द्यावं आणि किमान 64 अक्षरांपर्यंतचा पासवर्ड स्वीकारावा, असंच सांगतात.

सोळाची मर्यादा तर संशय वाढवते. पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने बनवलेला, उलटा न फिरवता येणारा संकेत साठवला, तर मूळ पासवर्ड कितीही लांब असो, हॅशची लांबी तेवढीच राहते. मग मर्यादा कशाला? कदाचित पासवर्ड जसाच्या तसा साठवला जात असेल.

खरी फजिती गुपचूप छाटणीत होते. नोंदणीच्या चौकटीत 24 अक्षरं टाकली, तिने मुकाट्याने 16 घेतली. लॉगिनची चौकट मात्र पूर्ण 24 घेते, म्हणून ‘पासवर्ड चुकीचा’. अशा वेळी पहिली 16 अक्षरंच टाकून पाहा. नोंदणी करतानाच चौकटीतले ठिपके मोजले तर छाटणी तिथेच कळते. मग मॅनेजरमध्ये लांबी 16 करून नवा, यादृच्छिक पासवर्ड बनवा.

पेस्ट अडत असेल तर आधी मॅनेजरचं ऑटोफिल वापरून पाहा. ते बहुतेकदा चालतं. फायरफॉक्समध्ये `about:config` उघडून `dom.event.clipboardevents.enabled` हे `false` करता येतं. काम झाल्यावर पुन्हा `true` करा, नाहीतर काही ऑनलाइन एडिटरांत कॉपी-पेस्ट बिघडतं.