रिबीन रात्री दिसते का, हे आधी पाहा

आमच्या गावात माझं जनरल स्टोअर आहे, आर्णी तालुक्यात. बांगड्या, वह्या आणि सीझनला गिफ्ट पॅकिंग. लग्नसराईत रोज संध्याकाळी चार-पाच जण डबे घेऊन येतात आणि सगळ्यांचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, कोणताबी कागद लाव ना, फाडूनच टाकतेत."

मीही बरीच वर्षं कोणताही लावला. मग एक आजी भेटली.

त्यांच्या नातवानं पंच्याहत्तरीची साडी पॅक करायला आणली होती. मी गडद निळा चमकी पेपर घेतला, वर जांभळी साटिन रिबीन. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली राजेशाही दिसत होतं. कार्यक्रमाला मीही गेले. आजीनं डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "गाठ कुठं हाय बाप्पा याची?" शेवटी नातवानं दातानं तोडली. मी मागच्या खुर्चीवर बसून माझ्या राजेशाहीकडं पाहत होते.

चूक कुठं झाली, ते मला नंतर कळलं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यातून निळा-जांभळा मळकट दिसतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यात हे दोन्ही रंग सारखेच गडद. आपण रंग नावानं जुळवतो, "निळ्यावर जांभळा छान दिसते" म्हणतो, पण डोळा आधी गडद-फिका पाहतो. लाल रिबीन हिरव्या कागदावर ठेवून मोबाइलमध्ये काळा-पांढरा फोटो काढा. बऱ्याचदा रिबीन दिसतच नाही, कारण दोघांचा गडदपणा सारखाच निघतो. आता गिऱ्हाईक अडून बसलं की मी हाच फोटो दाखवते. वाद तिथंच मिटतो.

त्या आजीची पुढची साडी, दिवाळीची, मी अशी बांधली. कागद फिका मोतिया, बिनचमकीचा, रिबीन इंचभर रुंद, मरून. डबा ३५ बाय २५ सेंटिमीटर, जाडी ५. डब्याभोवती कागदाचा एक फेरा ६० सेंटिमीटर, वर ४ दुमडीला, आणि लांबीला दोन्ही टोकांकडं ४-४ जास्त. म्हणजे ६४ बाय ४३, एका ५० बाय ७० च्या कागदात आरामात बसतो. रिबीन आडवी-उभी फिरवायला १४० सेंटिमीटर आणि फुलाला ६०, म्हणजे बरोबर दोन मीटर. लोक फुलाला रिबीन वाचवतात, मग टोकं इतकी आखूड राहतात की ओढायला बोटात काही येत नाही. गाठ निसरगाठच बांधली. आजीनं एका ओढीत सोडली, आणि रिबीन घडी करून पदराला बांधून ठेवली!

लग्नाचं गणित वेगळं, तिथं मांडवातला लाइट ठरवतो. पिवळ्या बल्बखाली मोतिया कागदावरची सोनेरी रिबीन गायब होते. आजकाल स्टेजवर रंग बदलणारे एलईडी असतात, त्यात लाल लाइट पडला की पांढरा कागद आणि लाल रिबीन दोन्ही एकसारखे लाल. पण त्याच लाइटात हिरवी रिबीन काळपट होऊन उठून दिसते. म्हणून लग्नाला मी फिका गुलाबी किंवा पिवळा कागद आणि गडद हिरवी रिबीन देते. ती बहुतेक लाइटात टिकते, आणि हिरव्या चुड्याच्या घरात हिरव्याला नाक मुरडणारं कोणी नसते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की चमकी पेपरवरचा सेलोटेप सुटतो, तेव्हा रिबीन नुसती शोभेची राहत नाही, तीच डबा धरून ठेवते.

काळ्याबद्दल रोज वाद. लग्नात, वाढदिवसात काळा कागद मी देत नाही, लोकांच्या मनाला लागते. पण बोरन्हाणाला? संक्रांतीला आपण लेकराला काळं झबलं घालून हलव्याचे दागिने चढवतो, मग गिफ्टनं काय पाप केलं? काळा कागद, वर पांढरे कागदी ठिपके, हलव्यासारखे. तान्ह्या लेकराला तसंही पहिल्या काही महिन्यांत फिके रंग फारसे कळत नाहीत, काळं-पांढरं बरोबर दिसते. या जानेवारीत एका सासूबाईनं डोळे वटारले, सुनेनं दोन नेले.

लहान लेकरांच्या गिफ्टला मात्र कुरळी प्लास्टिकची रिबीन मी बंद केली. ती तोंडात जाते, गळ्याभोवती फिरते. मुलगा की मुलगी हे विचारून निळा-गुलाबी काढणंही सोडलं. मी विचारते, "लेकरू किती वर्षांचं आहे जी?" तीनच्या आतलं असेल तर रिबीन नाहीच, नुसता मोठ्या चित्राचा पिवळा कागद, आणि टेप अर्धाच दाबलेला, म्हणजे फाडायला टोक मिळते.

तेवढ्यात परवा एक भाऊ आले, रिटायर होणाऱ्या मास्तरांसाठी घड्याळ घेऊन. "ताई, चॉकलेटी कागद अन् चॉकलेटी रिबीन." मी मोबाइल काढला.