एका रेघेनं खोडायचं

दिवसभर मी लिहीतच असतो. लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे, त्यामुळं पट्टी, कीर्द, खतावणी, पुन्हा पट्टी, सोयाबीनच्या सीझनमधी तर जेवताना पण बोटं आपोआप बेरीज करायलेली असतात. त्यात मागच्या दिवाळीत झोप उडाली म्हणून डॉक्टरकडं गेलो तर ते म्हणले, गोळी नको, झोपायच्या आधी मनातलं लिहून काढा. म्हणलं साहेब, मी दिवसभर काय करायलाव मग? ते म्हणले तुमच्या मनातलं लिहा, शेतकऱ्याच्या पोत्यातलं नाही.

आता कशात लिहायचं हा प्रश्न दोन दिवसात सुटायला पाहिजे होता, तो सहा महिने चालला. घरात बँकेकडून आलेली डायरी पडून होती, आणि भाच्यानं फोनात एक ॲप टाकून दिलं. भाचा इथं नीटचा क्लास करतो, त्याला सगळ्याचं शास्त्र माहिती. तो म्हणला, मामा, २०१४ मधी अमेरिकेत दोघांनी प्रयोग केलता, लॅपटॉपवर नोट्स काढणारी पोरं सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवतात, हातानं लिहिणाऱ्याला तेवढा वेग नसतो म्हणून तो आधी समजून घेऊन थोडक्यात लिहितो. म्हणलं मग वहीच घेतो. तर म्हणला नंतर दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक एवढा दिसला नाही. म्हणजे झालं, शास्त्रानं पण हात वर केले. मी दोन्ही चालू ठेवलं.

डायरीचा पहिला त्रास म्हणजे तारीख छापलेली. सोमवारला एक आख्खं पान, आणि शनिवार-रविवार दोघांत मिळून एक. ही डायरी काढणाऱ्याला संसार नसावा. सोमवारी माझ्याकडं लिहायला काय असतंय, आवक किती आणि ऊन किती. रविवारी मेहुणा येतो, सासूबाईंचा फोन येतो, पाण्याची पाळी असते, आणि जागा अर्ध्या पानाची. म्हणून माझ्या डायरीत मेहुणा कायम बारीक अक्षरात आहे.

आणि मुनीमकीची सवय जात नाही. आमच्या धंद्यात चोपडीत आकडा चुकला तर गिरवायचा नाही, ब्लेडनं खरवडायचा नाही, पांढरं तर लावायचंच नाही. एका रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. हे मी घरी बायकोला पण मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं आहे. ते पुढं अंगावर आलं, पण सांगतो.

ॲपचं वेगळंच. उघडलं की पाच तोंडं येतात, रडकं, पडकं, मधलं, बरं आणि लै बरं. आज कसं वाटायलंय ते आधी निवडा, मग लिहा. आता कसं वाटायलंय हे कळत असतं तर लिहायला बसलो असतो का? मी रोज मधलं दाबतो. आणि एकदा मधलं दाबलं की पुढं लिहिणं पण मधलंच येतंय, त्या तोंडाला शोभेल असं.

मग कीबोर्ड. मी लिहायला घेतलं ‘तुरीचा भाव’, तर ‘भाव’ टाईप होईपर्यंत वर सुचवून मोकळा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. चूक त्याची नाही, आमच्या ग्रुपवर मी वर्षभर तेच टाकत असतो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या भावाला ते लागू पण होतं, म्हणून तसंच ठेवलं. बोलून लिहायची सोय आहे तिचं तर विचारू नका, मी बोललो ‘मी आता निघायलाव’, त्यानं लिहिलं ‘मी आता निघायला’. पुढचं वाक्य येईल म्हणून बिचारं वाट बघत बसलं. आमचं ‘करायलाव, जायलाव’ त्याला कळतच नाही, त्यामुळं आठ-पंधरा दिवसांनी मी स्वतःहून ‘मी निघत आहे’ असं बोलायला लागलो, स्वतःच्याच डायरीत, रात्री पावणेअकराला, गादीवर पडून, बातम्या दिल्यासारखं.

आणि सलग दिवसांचा आकडा. रोज लिहिलं की एक दिवस वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. येळवशीला आमचे ४६ झालते. येळवस म्हणजे काय ते लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको, आख्खं गाव शेतात, कोपीपुढं पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील, आणि आंबील पिल्यावर जी झोप येते तिला कोणत्याच डॉक्टरची गरज नाही. रात्री घरी येऊन आडवा झालो आणि ११:५८ ला दचकून उठलो, ४६! अंधारात फोन शोधला, मधलं तोंड दाबलं, आणि लिहिलं, ‘जेवलो.’ आकडा ४७ झाला. वर्षाच्या सगळ्यात भारी दिवसाची ॲपमधली नोंद तेवढीच आहे. डायरीत दुसऱ्या दिवशी अडीच पानं लिहिली, पुढच्या दोन तारखांत घुसून, आणि मग अकरा दिवस काहीच नाही. ती कोरी पानं दिसतात हा कागदाचा मोठा दुर्गुण, चाळायला लागलं की ती आ वासून बघतात.

आमचे अण्णा या भानगडीत कधी पडले नाहीत. त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची, तिच्यात पाऊस, उधारी आणि कोण वारलं एवढंच. २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला १० डबे, पाच लाख लिटर, सगळ्या देशातले कॅमेरे स्टेशनवर. अण्णांच्या वहीत १२ तारखेला लिहिलंय, ‘रेल्वेनं पाणी आलं. १० डबे. आपल्या नळाला नाही.’ मी विचार करायलो, अण्णांकडं माझं ॲप असतं तर त्यानं आपोआप खाली जोडलं असतं, ठिकाण लातूर, ऊन एवढं, आकाश निरभ्र, आणि विचारलं असतं की आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात.

तर पाण्यावरून कूलर आठवला, आणि खरी गोष्ट तीच आहे.

एप्रिलचा शेवट. नळाला पाणी आठ दिवसांनी, म्हणून कूलरची टाकी मी अर्धीच भरत होतो, काटकसर म्हणून. आता कूलरमधली ती बारकी मोटर पाण्यात बुडालेली असते ते नुस्तं पाणी वर चढवायला नाही, तेच पाणी तिला गार पण ठेवतं. टाकी कोरडी पडली आणि मोटर चालूच राहिली की ती तापते आणि आतली वायंडिंग जळते. आणि आमच्याकडं कोरड्या उन्हाळ्यात अर्धी टाकी रात्रभर पुरत नाही, हे मला माहिती होतं. झोपताना बायकोनं विचारलं, ‘अहो, पाणी टाकलात का?’ मी म्हणलं, ‘टाकायलाव की,’ आणि कुशीवर वळलो. पहाटे तीनला जळका वास, पंख्याचं गरम वारं, आणि ती उठून बसलेली. बोलली काहीच नाही. ते जास्त वाईट असतंय.

दुसऱ्या रात्री ॲप उघडलं. आधी लिहिलं, ‘मी पाणी टाकलो नाही, मोटर जळाली.’ कीबोर्डनं ‘टाकलो’चं ‘टाकलं’ केलं. बघा, आम्ही इकडं ‘मी जेवण केलो, मी पाणी टाकलो’ असंच बोलतो, पुण्याची माणसं हसतात, पण त्या ‘लो’मधी माणूस सापडतो. ‘टाकलं’ म्हणलं की जरा सैल झालं. मग मीच बॅकस्पेस मारून सुधारलं, ‘पाणी टाकायचं राहिलं.’ राहिलं, म्हणजे कुणाचं राहिलं, तर जगाचं राहिलं. ते वाचून बरं वाटलं, अजून सुधारलं, ‘टाकीतलं पाणी संपलं होतं.’ मग शेवटी, ‘मोटरच हलकी निघाली.’ पाच मिनिटात मी आरोपीचा फिर्यादी झालो आणि स्क्रीनवर एक खूण नाही, स्वच्छ, जसं काय पहिल्यांदाच असं सुचलंय. लै बरं तोंड दाबून झोपलो.

पण सवय, डायरी पण लिहायची होती. सकाळी चहासोबत लिहिलं, पेन लावला आणि हातानं आपोआप लिहून टाकलं, ‘मी पाणी टाकलोच नाही.’ बघितलं, घाबरलो, आणि खोडलं. पण खोडलं कसं, तर पंचवीस वर्षांच्या सवयीनं, एका रेघेनं, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. वर लिहिलं, ‘मोटर हलकी निघाली.’ सही तेवढी केली नाही. जेलचा पेन असता तर निदान पाणी सांडून शाई फुटली म्हणता आलं असतं, पण बॉलपेनची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही.

पुढच्या आठवड्यात मेहुणा आला, मोटरचा विषय निघाला, मी म्हणलं थांबा, माझ्याकडं नोंद आहे, तारखेसहित. ॲपमधी ‘मोटर’ शोधलं. एकपण निघालं नाही. मग आठवलं, त्या रात्री अर्धं इंग्रजी कीबोर्डवर होतं म्हणून motor असं लिहिलेलं, आणि त्याच्या आधी एकदा ‘मोटार’. तिन्ही त्याच्या हिशेबानं वेगवेगळ्या वस्तू. मी motor टाकून शोधेपर्यंत बायको आतून डायरीच घेऊन आली. तिला पान शोधायला काही लागलं नाही, त्या पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता.

मेहुण्यानं पान बघितलं, खोडलेलं मोठ्यानं वाचलं, मग वरचं वाचलं, आणि पाणी प्यायला गेला. मी डायरी हातात घेतली. माझ्या खोडलेल्या ओळीच्या खाली तिच्या अक्षरात होतं, ‘खोडलेलं बरोबर आहे. नवीन मोटर ३५० रुपये, यांच्या नावे.’

आणि रेघेच्या बाजूला, जिथं मी करायची विसरलो होतो तिथं, तिची सही.